धनेश घरत नुसतं ‘नको’ म्हणतो

पनवेलच्या एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर ट्रेलरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. मालक मारवाडी; काउंटर सांभाळतो तो धनेश घरत. वय असेल तिशीचं, पण बोलणं म्हाताऱ्यासारखं मोजकं. न्हावा शेव्याच्या बंदराला जाणाऱ्या गाड्या या रस्त्यानं सतत चालू, त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक असतं आणि गिऱ्हाइकामागोमाग वेगवेगळ्या कंपन्यांचे विक्रेतेही असतात. कुणी ग्रीस घेऊन येतो, कुणी ब्रेक लायनिंग. पावसाळ्यात ताडपत्रीवाले येतात. हे सगळे धनेशला टरकून असतात.

तो कुणाला हाकलत नाही. बसायला स्टूल देतो, पाणी देतो, सगळं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, “नको.”

“दर जास्त वाटतोय का, शेठ?”

“नको.”

“आधीचा माल शिल्लक आहे का? मालकांना विचारावं लागेल का?”

“नको म्हटलं ना.”

बस, एवढंच. ज्यांनी हा धंदा केलाय त्यांना कळेल की हा माणूस किती अवघड आहे. विक्रेता नकाराला भीत नाही, नकार हे त्याचं रोजचं जेवण. पण नकारासोबत कारण हवं. महाग आहे म्हणा, बायकोला विचारतो म्हणा, पुढच्या महिन्यात या म्हणा. काहीही म्हणा, पण म्हणा. कारण दिलं की त्याला धरायला कडी मिळते. धनेश कडीच देत नाही. विक्रेते बाहेर चहाच्या टपरीवर त्याला माणूसघाणा म्हणतात. मी त्याच्याच गावचा; त्यांना काही सांगत नाही. पण हा माणूस एके काळी इतका बोलका होता की त्याला गप्प करायला त्याच्या बहिणीला हातातलं लाटणं दाखवावं लागे. हे सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही.

गोष्ट पंचाण्णव सालची. जासईच्या अलीकडच्या एका गावात घरतांचं घर. घरात वडील बळीराम, विधवा आत्या चंद्रावती, धाकटी बहीण पूर्वी आणि हा. आई धनेशच्या लहानपणीच गेली. बळीरामांचा जन्म मिठागरात गेला. बंदर आलं, मिठागरात भराव पडला आणि मिठावर चालणारे पाय ओटीवर आले. मग कोर्टकचेऱ्या होऊन वाढीव मोबदला मिळाला. तो बँकेत होता आणि बळीराम त्याला हात लावू देत नसत. पूर्वीचं लग्न आणि आपलं म्हातारपण, दोन्ही त्यातून निघायचं होतं. धनेशनं महिनाभर आधी एका जुन्या टेम्पोसाठी त्यातले थोडे मागितले होते. कंटेनर यार्डात टेम्पोला मरण नाही, असं त्याचं म्हणणं. वडील म्हणाले, “ते पैसं नाय, ती जमीन हाय. जमीन चाकांवर नाय ठेवाची.” त्यावरून बापलेकांत चार दिवस बोलणं नव्हतं.

म्हणून धनेश नोकरी शोधत होता. बी.कॉम. झालेला, जीभ चालू, आणि स्वतःवर नको तितका विश्वास. वर्तमानपत्रात जाहिरात आली: हरितमेघ प्लांटेशन, पनवेल शाखेसाठी फील्ड ऑफिसर पाहिजेत, पनवेल-उरणच्या स्थानिक तरुणांना प्राधान्य. आमच्याकडे ‘स्थानिकांना प्राधान्य’ हे शब्द फक्त मोर्च्याच्या फलकावर दिसायचे. कंपनीनं आपणहून छापले म्हटल्यावर कुणालाही शंका यायला हवी होती. धनेशला आनंद झाला. बळीरामांचा दारावर येणाऱ्या एजंटांवर राग होता, म्हणून त्यानं घरी सांगितलं की रोजगार केंद्रात नाव नोंदवायला चाललोय.

मुलाखती एका लॉजच्या वरच्या हॉलमध्ये होत्या. बाकावर तीसेक मुलं. आधी एक फॉर्म भरायचा: नाव, गाव, शिक्षण. खाली एक रकाना होता, घरची जमीन संपादित झाली आहे काय? त्याखाली, कुटुंबात निर्णय कोण घेतं? धनेशनं दोन्ही मनापासून भरले. पहिल्याला होय. दुसऱ्याला वडील, कंसात आत्या.

शेजारी खारघरकडचा बुधाजी नावाचा मुलगा होता. तो म्हणाला, “माझ्या शाळेचं मार्क पन नाय विचारलं यांनी. जमिनीचं कनाला विचारतान?”

“लोन वगैरे देत असतील,” धनेश म्हणाला. ज्याला नोकरी हवी असते तो कंपनीच्या वतीनंही उत्तरं देऊ लागतो.

पहिली फेरी सोपी होती. टेबलामागे उदयसिंह जगदाळे नावाचे शाखाप्रमुख, पन्नाशीचे, आवाज असा मऊ की ऐकायला पुढे झुकावं लागे. त्यांनी खिशातलं पेन काढून पुढे सरकवलं. “हे मला विका.” आधीच्या मुलांनी पेनाचं टोपण, शाई, पकड यांचं कीर्तन केलं होतं. धनेशनं विचारलं, “साहेब, तुम्ही दिवसभरात काय काय लिहिता?” जगदाळे हसले आणि त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या टायवाल्या तरुणाकडे पाहिलं. त्या तरुणाचं नाव निनाद. तो वहीत लिहीत होता. आधी विचारावं, मग विकावं. हे ज्याला न शिकवता कळतं त्याला या धंद्यात सोनं म्हणतात.

दुपारी निवडक आठ मुलांना थांबवलं, त्यांत बुधाजीही होता. चहाच्या वेळी धनेशच्या लक्षात आलं की आठही जण गावांतले आहेत आणि आठांच्याही जमिनी गेल्यात. पनवेल शहरातला एक मुलगा फार छान इंग्रजी बोलला होता, त्याला घरी पाठवलं होतं. तो बुधाजीला हे सांगायला वळला. मग त्याचं नाव पुकारलं आणि तो उठला.

आता खरा रोल प्ले. हातात माहितीपत्रक दिलं, वाचायला पाच मिनिटं. सागवानाची योजना होती. युनिट घ्यायचं, तळकोकणात कंपनी तुमच्या नावानं झाडं लावणार, वाढवणार, वीस वर्षांनी तोडून पैसे देणार. पत्रकावर हिरवंगार जंगल.

जगदाळे म्हणाले, “मी गिऱ्हाईक. माझ्या दारात तू आलास. मी अडवणार, तू सोडवायचं. चालू.”

धनेशनं ओळखीचे दोन शब्द काढले, घरात कोण कोण आहे ते विचारलं, पत्रक अजून पिशवीतच ठेवलं. जगदाळेंनी पहिला अडसर टाकला. “आत्ता वेळ नाही.” धनेश म्हणाला, दहा मिनिटं द्या, अकरावं झालं तर तुम्ही उठा. दुसरा अडसर, “विचार करून सांगतो.” धनेशनं वाद घातला नाही. “जरूर करा, काका. पण नेमका कशाचा विचार करायचाय ते सांगितलंत तर मी माहिती देतो. रकमेचा, की कंपनीचा?” निनादचं पेन थांबलं. ‘विचार करतो’ ही पळवाट असते, तिच्यामागे खरी हरकत लपलेली असते आणि ती गिऱ्हाइकाच्याच तोंडून काढायची असते. जगदाळेंनी मान डोलावली. शेवटी धनेशनं सरळ विचारलं, “मग एक युनिट आजच लिहू?” आणि गप्प राहिला. मागणी केल्यावर जो आधी बोलतो तो हरतो, हेही त्याला कसं कोण जाणे ठाऊक होतं. पंख्याचा आवाज येत राहिला. जगदाळे बोलले.

“उत्तम. आता उलटं करू. मी विक्रेता, तू गिऱ्हाईक.”

“बरं.”

“पण कुठलंही गिऱ्हाईक नको. तू तुझे वडील हो.”

इथं उठून यायला हवं होतं. मी धनेशला हे एकदा बोललोही. तो म्हणाला, तू त्या खुर्चीत नव्हतास. खरंच, मी नव्हतो. सकाळपासून त्या माणसानं चार वेळा शाबासकी दिली होती. घरी चार वर्षांत एकदाही मिळाली नव्हती.

धनेश मांडी घालून बसल्यासारखा खुर्चीत बसला, मान जरा वाकडी केली आणि बळीराम झाला. हुबेहूब. जगदाळेंनी पत्रक उघडलं. “काका, ही झाडांची छायाचित्रं.”

“कागुद नको दाकवूस,” धनेश बळीरामांच्या आवाजात म्हणाला. “कागुदावर सरकारनी मिठागर नेला. झाड माझ्या डोल्यांनी बगला पायजे.”

“आम्ही तुम्हाला साइटवर नेऊ.”

“मी कई जानार? पाय दुकतान.”

जगदाळे अडकले. किंवा अडकल्यासारखे दिसले. मग आपल्या आवाजात, अगदी घरच्यासारखं त्यांनी विचारलं, “धनेश, खरं सांग. या माणसाला मी काय म्हणायला हवं?”

आणि धनेशनं सांगितलं. “फोटो नका दाखवू, सर. एक रोप घेऊन जा. त्यांच्या कुंपणाशी त्यांच्याच हातानं लावायला द्या. एक झाड वाढताना दिसलं की बाकीची ते विचारणार नाहीत. आणि दामदुप्पट म्हणू नका, त्या शब्दाला ते पळतात. पूर्वीच्या, म्हणजे मुलीच्या नावानं झाड म्हणा.”

“आणि आत्या?”

“आत्याला आधी नमस्कार. कपाटाची चावी तिच्याकडे असते.”

“एवढ्यानं ते विश्वास ठेवतील?”

धनेश जरा घुटमळला. मग त्यानं मिठाच्या खड्याचं सांगितलं. मिठागर बुजलं त्या वर्षीचं शेवटचं मीठ बळीरामांनी एका बरणीत भरून ओटीच्या कोनाड्यात ठेवलं होतं. नवा माणूस घरी आला की ते एक खडा त्याच्या तळहातावर ठेवत आणि काही न बोलता बघत. जमिनीच्या मोजणीवाल्यानं तो थुंकून टाकला होता. एका दलालानं रुमालात बांधला होता. जो खडा तोंडात टाकून चघळेल, तो आपला. त्याच्याशी मग बळीराम काहीही हातचं न राखता बोलत. ही परीक्षा आहे हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, घरातल्यांनाच बघून बघून कळलं होतं.

निनादची वही भरत होती. गुण द्यायचे तर आकडे लागतात, दोन-चार. हा तर ओळीच्या ओळी लिहीत होता. धनेशला ते दिसलं. त्याला वाटलं, आपल्याबद्दल चांगलं लिहितोय.

“शेवटची हरकत,” जगदाळे म्हणाले. “समज, सगळं जमलं. आणि ऐन वेळी काका म्हणाले, माझा मुलगा नको म्हणतोय. मग?”

या प्रश्नाला धनेशनं एक क्षणही घेतला नाही. टेम्पोचा राग ताजा होता आणि स्वतःची हुशारी डोक्यात गेली होती. “सोपं आहे, सर. मुलाशी भांडायचं नाही. बापाकडेच बघून म्हणायचं, काका, पोरं नको म्हणणारच. पैसा बँकेत आहे तोवर त्यांना तो आपला वाटतो. झाडात गेला की तो तुमचा झाला. विचारा त्याला, त्यानं त्यातलं काही मागितलंय का कधी.”

जगदाळे खुर्चीत मागे टेकले. त्याच्याकडे बघत राहिले, पण ती नजर कौतुकाची नव्हती. “तू फार मोठा विक्रेता होशील,” ते म्हणाले. “आठ दिवसांत पत्र येईल.”

जिना उतरताना बुधाजी भेटला. त्याचा चेहरा उतरलेला. “मना म्हनाले, तुजा बाबा हो. मी नाय झालो. मी म्हनलो, माझा बाबा जसा हाय तसा मला नाय येत करता.” धनेशला त्याची कीव आली. आज मला विचाराल तर त्या आठांत शहाणा तो एकटाच होता.

आठ दिवस झाले, पत्र नाही. धनेश रोज पोस्टमनला गाठत होता. बाराव्या दिवशी तो पनवेलहून चौकशी करून परतला. लॉजवाल्यानं सांगितलं होतं की कंपनीचं आता शहरात मोठं ऑफिस झालंय, माणसं भरली, पण गावची नाही घेतली, पुण्याहून आणली. ऊन कलत होतं. दाराशी एक नवी मोटरसायकल उभी होती आणि तिच्या हँडलला ओल्या गोणपाटात बांधलेलं एक रोप लटकत होतं. मोठ्या पानांचं. सागाचं.

धनेश कुंपणाशी थांबला. ओटीवरून आवाज येत होता.

निनाद मांडी घालून बसला होता. टाय नव्हता. चंद्रावती आत्या चहाचा कप घेऊन दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर पाहुण्याबद्दल माया होती, म्हणजे नमस्कार आधीच झाला होता. बळीरामांनी कोनाड्यातली बरणी काढली. झाकण उघडलं, एक खडा उचलला आणि निनादच्या तळहातावर ठेवला. मग काही न बोलता बघू लागले.

निनादनं खडा तोंडात टाकला. सावकाश चघळला. डोळे मिटून म्हणाला, “काका, असं मीठ आता बाजारात मिळत नाही.”

बळीरामांचा सगळा चेहरा सैल झाला. मिठागर गेल्यापासून धनेशनं तो असा पाहिला नव्हता. त्याला ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडणार? हा खोटारडा आहे, याला मिठाचं मी सांगितलं? आबा, तुमच्या मनाचं कुलूप मी बाजारात दाखवून आलो, नोकरीसाठी? तो ओटीची पायरी चढला.

निनादनं त्याला पाहिलं. ओळख दाखवली नाही. तो आत्यामागे उभ्या असलेल्या पूर्वीकडे वळला. “ताई, हे झाड तुमच्या नावानं. काका स्वतःच्या हातानं लावतील. अशीच बाकीची तिकडे वाढतील, तुमच्या लग्नानंतरही.” दामदुप्पट हा शब्द आला नाही. पत्रक पिशवीतच होतं. अर्ज मात्र बाहेर होता आणि बळीरामांच्या गुडघ्यावर सहीसाठी पेन होतं. जगदाळेंचं तेच पेन होतं की दुसरं, धनेशला आजही सांगता येत नाही.

“मग लिहू, काका?” निनादनं विचारलं. आणि गप्प बसला.

“आबा,” धनेश म्हणाला. “नको.”

बळीरामांनी मान वर केली. “कनाला?”

धनेशनं कारण दिलं. “ती झाडं कोनी बगितली? पैसं बुरतील. नको, आबा.”

निनाद त्याच्याशी भांडला नाही. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बळीरामांकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, “काका, पोरं नको म्हणणारच. पैसा बँकेत आहे तोवर त्यांना तो आपला वाटतो. झाडात गेला की तो तुमचा झाला. विचारा त्याला, त्यानं त्यातलं काही मागितलंय का कधी.”

एका शब्दाचाही फरक नव्हता. आत्यानं खाली बघितलं. बळीराम आपल्या मुलाकडे बघत राहिले, त्या नजरेत राग नव्हता, एक जुनी शंका खरी ठरल्याचं दुःख होतं. त्या वाक्याला उत्तर उरूच नये, असंच त्यानं ते घडवलं होतं.

बळीरामांनी सही केली. मग उठले, कुदळ घेतली आणि कुंपणाशी खड्डा खणला. रोप लावून झाल्यावर म्हणाले, “धना, पानी आन.” धनेशनं विहिरीवरून कळशी भरून आणली आणि ओतली.

पुढचं सांगायला फार नाही. दोन वर्षांनी पनवेलच्या ऑफिसला कुलूप लागलं. त्या आठ मुलांपैकी सहा जणांच्या गावी हरितमेघची माणसं येऊन गेली होती, प्रत्येक घरी वेगळं बोलून, प्रत्येक घरी त्या घरच्या मुलानं सांगितलेलं तेच बोलून. लोकांनी पोलीस चौकीत गर्दी केली, तळकोकणात माणसं पाठवली. तिकडे कातळ होता आणि करवंदीच्या जाळ्या. बुधाजीच्या घरी कुणीच गेलं नव्हतं. पूर्वीचं लग्न पुढे ढकललं, मग कसंबसं झालं, दागिने आत्याचे गेले. धनेश दुकानात लागला आणि हळूहळू बोलायचा बंद झाला.

बळीराम त्याला एका शब्दानं रागावले नाहीत. तू नको म्हनत होतास, मीच नाय ऐकला, एवढं मात्र चारचौघांत सांगत. मुलाचा शहाणपणा सांगताना त्यांना अभिमान वाटे. धनेश तेव्हा उठून बाहेर जाई.

कुंपणाचा साग मात्र जगला. ओटीपेक्षा उंच झालाय. गेल्या मे महिन्यात धनेश सुट्टीच्या दिवशी त्याच्या सावलीत बाज टाकून पडला होता. बळीराम ओटीवर बरणी मांडीत घेऊन बसले होते. बरणीत आता तळाशी चार-पाच खडेच उरलेत. नवीन माणसाला ते आता देत नाहीत.

“धना,” ते म्हणाले. “पैसं गेलं, जाव दे. मना एकच नाय समजत. त्या पोऱ्याला मिठाचा कोनी सांगला?”

धनेश कुंपणाकडे तोंड करून कुशीवर वळला. मग म्हणाला, “नाय म्हाइत, आबा.”